कॉल फॉरवर्डिंग तपासायचे कसे, तेही छापा

महोदय,

व्हॉट्सअॅप खाते पळवल्याच्या बातम्यांच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते : ओटीपी कुणालाही सांगू नका. कॉल फॉरवर्डिंगच्या फसवणुकीत मात्र ओटीपी सांगावाच लागत नाही, आणि नेमके हेच बातमीत राहून जाते.

आमच्या शेजारच्या वहिनींना ‘कुरिअर’वाल्याचा फोन आला. पार्सल पत्त्यावरून अडकलंय, डिलिव्हरीवाल्या मुलाशी बोलायला मेसेजमधला नंबर फिरवा, म्हणाला. नंबर `*401*` ने सुरू होत होता आणि पुढे दहा आकडे होते. वहिनींनी तो फिरवला, कुणी बोलले नाही, तेव्हा लागला नसेल म्हणून सोडून दिले. पण तेवढ्याने त्यांचे सगळे येणारे कॉल त्या दहा आकडी मोबाइलकडे वळले होते. मग चोराने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअॅप घेऊन त्यात वहिनींचा नंबर टाकला आणि पडताळणीचा कोड कॉलने मागवला. एसएमएसने आलेला कोड वहिनींकडेच होता, त्यांनी तो कुणाला सांगितलाही नाही. सहा आकडे वाचून दाखवणारा कॉल मात्र त्यांच्याकडे वाजलाच नाही. थोड्याच वेळात भावाला ‘वहिनींचा’ मेसेज गेला, तातडीने पैसे हवेत म्हणून.

फॉरवर्डिंगमुळे फक्त कॉल वळतात. एसएमएस, इंटरनेट आणि आपण लावलेले कॉल नेहमीसारखे चालू राहतात, त्यामुळे संशय येत नाही. शिवाय ही नोंद हँडसेटमध्ये नसून कंपनीच्या नेटवर्कमध्ये असते. फोन बंद-चालू करा, रिसेट करा किंवा सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घाला, ती तशीच राहते. “तुमचा फोन भलताच कुणी उचलतो,” असे कुणी म्हणाले, तर लगेच तपासावे.

तपासायला डायल पॅडवर हे टाकून कॉलचे बटण दाबावे :

```
*#21#
*#67#
*#61#
*#62#
```

पहिल्याने सगळेच कॉल वळवले आहेत का ते कळते. पुढचे तीन अनुक्रमे फोन व्यस्त असताना, उचलला नाही तर, आणि नेटवर्कबाहेर असताना कॉल कुठे जातात ते सांगतात. दोन सिम असतील तर प्रत्येकाचे वेगळे पाहावे. उत्तरात व्हॉइस, डेटा, फॅक्स अशी यादी येते, ती पाहून घाबरू नये. शेवटच्या तीन कोडांत एखादा नंबर दिसला, तर तो कंपनीच्या व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचाही असू शकतो. `*#21#` च्या उत्तरात अनोळखी मोबाइल नंबर दिसणे मात्र गंभीर. (या कोडने ‘फोन हॅक झालाय का’ ते कळते, असे सांगणारा मेसेज आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तसे काही कळत नाही.)

सगळे फॉरवर्डिंग एकदम काढायला `##002#`. याने मिस्ड कॉल अलर्टही जाऊ शकतो, तो कंपनीकडून पुन्हा सुरू करून घ्यावा. कोड चालत नसतील तर फोन अॅपच्या कॉल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग पाहावे, नाहीतर कस्टमर केअरला विचारावे. पळवलेले खाते मात्र याने परत येत नाही. त्यासाठी स्वतःच्या फोनवर पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि चोराने मध्येच व्हॉट्सअॅपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावे लागते. तो पिन आपणच आधी लावून ठेवला, तर नुसता कॉल वळवून चोराला आत शिरता येत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करावा.

कॉल वेटिंगचाही इथे संबंध आहे. ते बंद असेल आणि व्यस्त असतानाचे फॉरवर्डिंग लागलेले असेल, तर आपण बोलत असताना येणारा दुसरा कॉल गुपचूप तिकडे जातो. म्हणूनच ‘दोन मिनिटं लाइनवर राहा’ म्हणणाऱ्याचा संशय घ्यावा. वेटिंग चालू असले की निदान बीप तरी ऐकू येते. ते `*#43#` ने तपासता येते आणि `*43#` ने चालू करता येते.

कोड फिरवून फॉरवर्डिंग लावण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवावी, असा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला होता. पण फोनच्या सेटिंगमधून फॉरवर्डिंग लावता येते, आणि बोलण्यात गुंतवून माणसाकडून तेही करून घेता येते. तेव्हा फॉरवर्डिंग लागताच, कॉल कोणत्या नंबरकडे वळले आणि ते कसे काढायचे, हे मालकाला मराठीत एसएमएसने कळवण्याची सक्ती कंपन्यांवर हवी. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, आणि पुढच्या अशा बातमीखाली वरचे कोडही छापावेत.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, मिरज