महसूलमंत्री साहेब, शेतात बांध पडले पण उतारा अजून एकच आहे

माननीय महसूलमंत्री, कर्नाटक सरकार, यांस नमस्कार.

साहेब, बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुठल्याही गावात जा, घरटी एक तरी उतारा असा सापडेल ज्यावर चार-पाच नावं आहेत आणि त्यातला निम्मा माणूस मेलेला आहे. कोर्टात भांडणाऱ्यांबद्दल शेवटी बोलतो, आधी ज्यांचं आपसात ठरलंय त्यांचं ऐका, कारण तेही अडकलेत.

खानापूर तालुक्यातलं माझ्या नात्यातलंच उदाहरण घ्या. आजोबांची वडिलोपार्जित जमीन ४ एकर २० गुंठे, म्हणजे १८० गुंठे. आजोबा २०१२ ला वारले, आजी त्याआधीच गेलेल्या. मागं तीन मुलं आणि कोल्हापूरला दिलेली एक मुलगी. चौघांना सारखा वाटा, प्रत्येकी ४५ गुंठे. पण भावांनी काय केलं, शंभरच्या स्टँपवर तिघांत ६० - ६० गुंठे लिहून काढले आणि बांध घातले, बहिणीला विचारलंच नाही! तो कागद रजिस्टर नाही, बहिणीची सही नाही, त्यामुळं तिचा हक्क जागच्या जागी आहे. आमच्या राज्यात मुलीला हा हक्क १९९४ पासूनच आहे, मग २००५ ला केंद्राचा कायदा आला आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं वाद मिटवला, तरी गावात अजून "लग्नात खर्च केला की" हेच चालतं. तिला नको असेल तर तिनं स्वतःच्या मर्जीनं रजिस्टर हक्कसोड पत्र द्यावं, ते वेगळं.

बरं, पुढं बहीण तयार झाली, सगळे बसले. तेव्हा कळलं की नुसते गुंठे मोजून वाटणी होत नाही. नाल्याकडचं भाताचं शेत आणि वरचं माळ एका भावात कसं धरणार? मग ज्याला भाताचं आलं त्यानं माळवाल्याला वर पैसे द्यायचे असं ठरलं, तेही वाटणीपत्रात लिहायचं. विहिरीचं पाणी कुणी कधी घ्यायचं आणि मागच्या वाट्याला गाडीवाट कुठनं, हे आत्ताच नकाशात दाखवून घ्यायचं, नाहीतर दहा वर्षांनी भाऊच वाट अडवतो (हे आमच्याकडं इतकं कॉमन आहे की विचारू नका).

आणि खरी गाडी अडते ती इथं. हिस्सा तोडून रजिस्टर करायचा तर आधी सर्व्हेवाल्याचा ११ई नकाशा लागतो. त्यासाठी उताऱ्यावर जिवंत वारसांची नावं पाहिजेत, आणि इथं थोरला भाऊपण मधे वारला, म्हणजे त्याच्या जागी बायको आणि दोन मुलं, आधी पौती नोंद. ती झाली की मोजणीचा अर्ज, तर उताऱ्यावरचं क्षेत्र आणि सर्व्हे खात्याच्या आकारबंदातलं क्षेत्र जुळत नाही, सहा गुंठे नाल्याचा खराबा एकीकडं धरलाय, दुसरीकडं नाही. आता ही दुरुस्ती झाल्याशिवाय पोडी नाही, म्हणजे सर्व्हे नंबराचे हिस्से वेगळे पाडणं नाही, आणि पोडी नाही म्हणून वेगळा उतारा नाही. तोवर पीककर्जाला बँक सगळ्यांच्या सह्या मागते आणि बहीण कोल्हापुरात.

वर नोटीस येते ती फक्त कन्नडमध्ये. काकूंनी ती दिव्याखाली ठेवून दिली, हरकतीची मुदत गेली. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं त्यांच्या भाषेत महत्त्वाच्या नोटिसा द्यायच्या, हे १९५६ पासून केंद्रानं मान्य केलेलं आहे साहेब, आम्ही नवीन काही मागत नाही.

न पटणाऱ्यांना कोर्ट आहेच, पण तिथली गंमत लोकांना ठाऊक नसते. प्रिलिमिनरी डिक्री मिळाली की लोक पेढे वाटतात, पण त्यात फक्त कुणाचा किती वाटा एवढंच ठरलेलं असतं, कुठला तुकडा कुणाचा ते नाही. शेतजमीन असली की प्रत्यक्ष तुकडे पाडायचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणं आपल्या राज्यात कोर्टच करतं, पण गरज पडली की त्यासाठी तहसीलदार किंवा वरच्या महसूल अधिकाऱ्याचा अहवाल मागवतं, म्हणजे परत तुमच्याच खात्याकडं, परत त्याच सर्व्हेवाल्याकडं. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फायनल डिक्रीसाठी पक्षकारानं वेगळा अर्ज करायची वाट बघू नका, कोर्टानं स्वतःच पुढं जावं. कोर्ट पुढं गेलं आणि फाईल तहसीलच्या कपाटात बसली तर काय उपयोग?

म्हणून मागणं एवढंच. पौती नोंद करतानाच मुलींसकट सगळ्या वारसांची नावं घ्या आणि त्याच वेळी उतारा व आकारबंद जुळतो का बघून, चूक असेल तर खात्यानंच दुरुस्त करा, शेतकऱ्याला अर्ज करायला लावू नका. कलम ५४ च्या फायलींना मोजणीची तारीख ठरवून द्या, आणि तारीख हुकली तर कारण लेखी द्या. नोटीस कन्नडसोबत मराठीत पाठवा, आणि बाहेरगावी दिलेल्या बहिणींच्या आत्ताच्या पत्त्यावर, माहेरच्या दारात टाकून नको.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक शेतकरी