काट मारली आणि एक उत्तर हरवलं

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पानावर गेल्या आठवड्यात वर्गसमीकरणांची काही सोडवलेली उदाहरणं छापून आली. त्यातलं एक उदाहरण असं होतं : (x − 3)(x + 2) = 4(x − 3). पुढच्या ओळीत दोन्ही बाजूंच्या (x − 3) वर तिरकी रेघ मारली होती. त्याखाली x + 2 = 4 आणि शेवटी x = 2. उत्तर संपलं.

शेजारची दहावीतली मुलगी ते कात्रण वहीत घालून माझ्याकडे आली. तिने कंस सोडवून हेच उदाहरण केलं होतं. तिला x² − 5x + 6 = 0 मिळालं, त्याचे अवयव पडले आणि मुळं आली 2 व 3. "आजी, पेपरात एकच उत्तर आहे. माझं कुठे चुकलं?" मी बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे सांगायला मला क्षणभरही लागला नाही. पण छापलेल्या उत्तरात नेमकं काय बिघडलं हे तिला पटवायला पाऊण तास गेला. तिचे प्रश्न इतके नेमके होते की ते इतर विद्यार्थ्यांपर्यंतही जावेत असं वाटलं, म्हणून इथे देते.

"दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीने भागलं तर समानता टिकते, असंच शिकवलंय ना?"

टिकते, पण ती गोष्ट शून्य नसेल तर. तिला मी किराणा दुकानाचं उदाहरण दिलं. तू बिस्किटांचे तीन पुडे घेतलेस, मी साबणाच्या तीन वड्या घेतल्या आणि दोघींचं बिल सारखं झालं. मग पुड्याची आणि वडीची किंमत सारखीच असणार, कारण दोन्हीकडच्या तीनने आपण भागू शकतो. आता तू शून्य पुडे घेतलेस आणि मी शून्य वड्या. दोघींचं बिल शून्य, म्हणजे सारखंच. यावरून किमतींबद्दल काय कळलं? काहीही नाही. पुडा दहाचा असो, वडी चाळीसची असो, बिलं जुळणारच. आपल्या समीकरणात (x − 3) हा तो नगांचा आकडा आहे, आणि (x + 2) व 4 या दोन किमती. नग शून्य असतील, म्हणजे x = 3 असेल, तर किमती वेगळ्या असूनही दोन्ही बाजू सारख्या होतात. तिथे x + 2 ची किंमत 5 आहे, 4 नाही. तरीही 0 × 5 = 0 × 4. काट मारली की आपण "किमती सारख्याच हव्यात" अशी अट घालतो, आणि ती अट न पाळणारं हे मूळ बाहेर पडतं.

"पण उत्तर तर x = 2 आलं. म्हणजे (x − 3) ची किंमत −1 झाली. शून्याने भागलं कुठे?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण चांगली मुलंही इथेच फसतात. भागाकार केला त्या क्षणी x किती आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. तेच तर शोधायचं होतं. तरी आपण भागलं, म्हणजे मनात "x हा 3 नाही" असं धरून चाललो, आणि ते कागदावर मात्र लिहिलं नाही. त्या गृहीतकाखाली मिळालेलं x = 2 हे उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त ते अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. "आणि x = 3 असेल तर?" हे विचारायचं राहूनच गेलं.

"मी 2 ठेवून ताळा केला, तो जुळला. मग ताळ्यात ही चूक का सापडत नाही?"

कारण ताळा हाती आलेल्या उत्तराचाच होतो. जे हाती आलंच नाही ते तपासणार कसं? जादा आलेलं मूळ ताळ्यात लगेच पकडलं जातं. √(x + 6) = x या समीकरणात दोन्ही बाजूंचा वर्ग केला की 3 आणि −2 ही मुळं येतात. −2 मूळ समीकरणात ठेवलं की डावीकडे 2, उजवीकडे −2. जुळत नाही, म्हणून टाकून द्यायचं. गळालेल्या मुळाची अशी कुठलीच खूण राहत नाही. म्हणूनच ही चूक मला जास्त घातक वाटते. मूल ताळा करतं, तो जुळतो आणि ते निर्धास्त होतं.

खूण शोधायचीच तर घातांकाकडे बघावं. समीकरणात x² होता आणि काट मारल्यावर नुसता x उरला, तर थांबावं. अर्थात प्रत्येक वेळी मूळ गळतंच असं नाही. (x − 3)(x + 2) = 5(x − 3) घ्या. काट मारून x = 3 येतं आणि इथे खरोखर तेवढंच मूळ आहे, ते दोनदा येतं इतकंच. त्रिकोणमितीत मात्र घातांक मोजूनही भागत नाही. 2 sin θ cos θ = cos θ हे समीकरण 0° ते 360° मध्ये सोडवताना cos θ ची काट मारली, तर sin θ = ½ उरतं आणि 30° व 150° मिळतात. cos θ = 0 करणारे 90° आणि 270° गेले. चारातली दोन उत्तरं एका रेघेत नाहीशी झाली.

"मग करायचं काय?"

भागायचं नाही. सगळं एका बाजूला आणायचं : (x − 3)(x + 2) − 4(x − 3) = 0. सामाईक अवयव बाहेर काढायचा : (x − 3)(x − 2) = 0. गुणाकार शून्य म्हणजे दोहोंपैकी एक तरी शून्य. भागायचंच असेल तर शेजारी "x ≠ 3 असेल तर" असं लिहायचं आणि x = 3 वेगळं ठेवून बघायचं.

शेवटी तिने विचारलं, "एखादं मूळ निरुपयोगी असेल, तरी काढायचंच?"

काढायचंच, आणि मग कारण देऊन सोडायचं. भास्कराचार्यांच्या 'बीजगणितात' (इ.स. ११५०) माकडांच्या कळपाचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. मुळं येतात 50 आणि 5. भास्कराचार्य दोन्ही काढतात आणि मग 5 सोडून देतात, कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले की संख्या ऋण होते आणि ऋण माकडं लोकांना पटत नाहीत. तिथे मूळ समोर ठेवून, कारण सांगून नाकारलं आहे. आपल्या उदाहरणात तर x = 3 नाकारण्याचं काही कारणच नाही.

कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी : x = 2 किंवा x = 3. ती तिरकी रेघही काढून सामाईक अवयवाची ओळ द्यावी, कारण मुलं पायऱ्या जशाच्या तशा वहीत उतरवून घेतात.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली