पॅच टेस्ट केली होती, तुमच्या पत्रकात लिहिली होती तशीच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख, यांस

विषय : फेशियल ब्लीच क्रीमच्या खोक्यातील माहितीपत्रकात पॅच टेस्टची आणि वेळेची चुकीची सूचना असल्याने दोघींना झालेल्या इजेबाबत तक्रार

महोदय / महोदया,

गेल्या आठवड्यात मी आपल्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या ताईंनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मॅडम, वापरण्याआधी पॅच टेस्ट केली होती का?" मी "हो" म्हणाले. त्यावर "मग आमच्याकडून काही होऊ शकत नाही, प्रत्येकाची त्वचा वेगळी असते," असे सांगून त्यांनी फोन ठेवला. पॅच टेस्ट मी केली होती आणि माझ्या नणंदेनेही केली होती. दोघींनी ती आपल्या पत्रकात लिहिली आहे अगदी तशीच केली, आणि माझी तक्रार त्या लिहिण्याबद्दलच आहे.

पत्रकात म्हटले आहे : "हाताच्या आतील बाजूस थोडे क्रीम लावा. १० मिनिटांनी धुवा. लाली न आल्यास चेहऱ्यावर वापरा." शनिवारी दुपारी आम्ही दोघींनी कोपराच्या आत क्रीम लावले, घड्याळ लावून १० मिनिटांनी धुतले. हाताला काहीच झाले नाही. मग क्रीममध्ये अॅक्टिवेटर पावडर कालवली. मी वरच्या ओठावर आणि हनुवटीवर लावले, नणंदेने ओठावर आणि कानशिलाजवळच्या लवेवर.

माझ्या ओठावर चौथ्या मिनिटाला आग व्हायला लागली. पत्रकात "किंचित चुरचुरणे स्वाभाविक आहे" असे वाक्य आहे, त्यावर विश्वास ठेवून मी थांबले. हनुवटीवर मात्र नुसती मुंग्या आल्यासारखी जाणीव होती, त्यामुळे ओठावरचेही तितकेच असेल अशी मनाची समजूत घातली. नवव्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आले तेव्हा धुऊन टाकले. ओठाच्या वरची पट्टी आधी पांढरीफटक दिसली, मग लालबुंद झाली. दुसऱ्या दिवशी कातडी ताणल्यासारखी चकाकत होती, तिसऱ्या दिवशी खपल्या धरल्या. आज सहा आठवडे झाले, तिथे मिशीच्या आकाराचा काळपट डाग आहे. जी लव झाकायची होती ती कधीच एवढी दिसत नव्हती.

नणंदेला त्या दिवशी काहीच झाले नाही. तिने १० मिनिटांनी धुतले, लव सोनेरी झाली, ती खुशीत होती. रविवारी रात्री तिला खाज सुटली. सोमवारी सकाळी ओठ आणि पापण्या सुजलेल्या, गालांवर बारीक पाणीदार पुरळ. गालांच्या मधल्या भागाला क्रीमचा स्पर्शही झालेला नव्हता, तरी पुरळ तिथपर्यंत पसरले होते.

एकाच डबीतले क्रीम वापरून दोघींना दोन निराळे त्रास झाले. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यातला फरक कळला. तो आपल्या पत्रकात एका ओळीने जरी असता तर दोघीही वाचलो असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी झाली ती भाजल्यासारखी इजा. ती काही मिनिटांत सुरू होते आणि क्रीम लागले होते तेवढ्याच जागी, आखून दिल्यासारख्या कडांनी राहते. तिचे कारण माझ्या कपाटातच होते. मुरुमांसाठी मी रात्री अॅडापलीनचे जेल लावते, तेही मुख्यतः तोंडाभोवती. त्याने त्वचेचा सगळ्यात वरचा, राखण करणारा थर पातळ आणि नाजूक होतो. ब्लीचमधले हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कली केसाचे कवच फुगवून आत शिरतात आणि त्यातला काळा रंग नाहीसा करतात. राखण करणारा थर आधीच अधू असेल तर तेच मिश्रण कातडीतही खोल उतरते. हाताला मी जेल कधीच लावत नाही. मग हातावरची चाचणी माझ्या ओठाबद्दल काय सांगणार? तिने माझ्या हाताची तब्येत सांगितली आणि मी ती ओठाची समजले.

नणंदेला झाली ती अॅलर्जी. ती उशिरा येते, एक-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशीही. तिची खूण म्हणजे खाज, सूज आणि लावल्या जागेच्या बाहेर पसरणारे पुरळ. पुरळ पूर्ण बरे झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या पाठीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहिल्या. अमोनियम परसल्फेटच्या जागी लाल, उंचवटा आलेला ठिपका उठला होता. हे परसल्फेट आपल्या पावडरीत आहे, क्रीममध्ये नाही. आपल्याच खोक्यावरच्या घटकांच्या यादीत तसे छापले आहे. पत्रकाने तर चाचणी नुसत्या क्रीमची करायला सांगितली. ज्या पदार्थाची तिला अॅलर्जी होती तो चाचणीत तिच्या हाताला लागलाच नाही. लागला असता तरी दहाव्या मिनिटाला हात स्वच्छच दिसला असता, कारण तिच्या शरीराला उत्तर द्यायलाच दीड दिवस लागतो.

डॉक्टरांनी तिला विचारले, याआधी केसांना कधी हायलाइट केले होते का? दोन वर्षांपूर्वी केले होते, आणि मानेवर आठवडाभर पुरळ होते. केस उजळवण्याच्या पावडरीतही हीच परसल्फेटे असतात. हा प्रश्न पत्रकात असता तर तिने खोका उघडलाच नसता. परसल्फेटच्या धुळीने काहींना दमही लागतो, म्हणून दम्याच्या रुग्णाने ही पावडर कालवूही नये असे डॉक्टर म्हणाले. माझ्या सासूबाईंना दमा आहे आणि त्या दिवशी वाटी त्यांच्या शेजारीच होती. हे आठवले की अजून छातीत धस्स होते.

वेळेबद्दल आपण लिहिता : "१५ मिनिटे ठेवा, हवा तसा रंग न आल्यास आणखी ५ मिनिटे." ओठावरच्या आणि हनुवटीवरच्या कातडीला एकच वेळ कशी चालेल? डॉक्टरांनी सांगितलेली रीत साधी आहे. जाड कातडीच्या जागी आधी लावायचे, ओठावर शेवटी. पाचव्या मिनिटाला ओल्या कापसाने कोपऱ्यातले थोडे पुसून केसाचा रंग पाहायचा. उतरला असेल तर सगळे धुवायचे, नसेल तर दहाव्या मिनिटापर्यंत, त्याच्या पुढे नाही. एवढ्यात न उतरलेला रंग त्या दिवशी तसाच सोडायचा आणि पुन्हा लावायची घाई करायची नाही. आणि हे सगळे आग होत नसेल तरच. चुरचुर थांबत नसेल, वाढत असेल, टोचल्यासारखी होत असेल तर घड्याळाकडे न पाहता थंड पाण्याने धुवायचे, साबण न लावता, न चोळता. "किंचित चुरचुरणे स्वाभाविक" या वाक्यापुढे हे लिहिलेले नसेल तर ते वाक्य माणसाला दुखणे सोसायला शिकवते. मी पाच मिनिटे सोसले.

पावडरीचे प्रमाण "चिमूटभर" लिहिले आहे. माझी चिमूट आणि नणंदेची चिमूट सारखी नाही. पावडर जास्त पडली की मिश्रण तीव्र होते. खोक्यात प्लॅस्टिकची उलथनी आहे, मग तिच्याच टोकाला मापाची वाटी का नाही? उरलेले मिश्रण झाकून ठेवू नये हेही कुठे नाही. त्यातून वायू सुटत राहतो आणि घट्ट झाकणाची डबी फुगते. आमची फुगली होती.

खोक्याच्या दर्शनी भागावर "उजळ, नितळ चेहरा" असे मोठ्या अक्षरांत आहे. हे क्रीम केसाचा रंग उतरवते. चेहरा उजळल्यासारखा वाटतो तो लव फिकी झाल्यामुळे, आणि तीही मुळातून पुन्हा काळी उगवतेच. आमच्यासारख्या सावळ्या, गव्हाळ कातडीला इजा झाली तर ती काळा डाग मागे ठेवून जाते, महिनोन् महिने. दर्शनी भागावर जे वचन आहे त्याच्या नेमके उलटे माझ्या तोंडावर उमटले आहे.

म्हणून माझ्या मागण्या. पॅच टेस्टची सूचना बदला : क्रीम आणि पावडर वापरायच्या प्रमाणात कालवून, कोपराच्या आत आणि जबड्याच्या कडेला कानाखाली, नाण्याएवढ्या जागेवर, चेहऱ्यावर ठेवायच्या तितकाच वेळ, धुतल्यावर पूर्ण ४८ तास वाट पाहायची. जबड्याची जागा मुद्दाम सांगते आहे, कारण चेहऱ्याला रोज जे लावले जाते ते बहुधा तिथेही लागते. पण चाचणी पार पडली म्हणजे सगळ्यांना परवानगी मिळाली असेही नाही, हे त्याच परिच्छेदात हवे. अॅडापलीनसारखे रेटिनॉइडचे किंवा अॅसिडचे मलम लावणारीने ते थांबवून निदान आठवडाभर जाऊ द्यावा, असे मला डॉक्टरांनी सांगितले. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणारीने आधी डॉक्टरांनाच विचारावे. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग नुकतेच झाले असेल, चेहरा उन्हाने भाजला असेल, इसब, ओठावर उठलेला जर किंवा उघडी पुटकुळी असेल तर अजिबात लावू नये. केसांच्या डायने किंवा हायलाइटने पूर्वी त्रास झालेल्यांसाठी आणि दमा असलेल्यांसाठी "वापरू नका" हे शब्द खोक्याच्या बाहेर हवेत, कारण पत्रक आत असते आणि ते वाचेपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

आणखी एक. हनुवटीवर अचानक जाड, राठ केस यायला लागले आणि पाळीही पुढे-मागे होत असेल तर ते आधी डॉक्टरांना दाखवावेत, अशी एक ओळ टाका. ब्लीचने ते फिके होतात आणि मूळ कारण झाकलेले राहते. आपल्या मुलींपर्यंत ही ओळ पोचवायला आपल्या खोक्याइतके जवळचे दुसरे काही नाही.

सोबत बॅच क्रमांकासह खोक्याचे, पत्रकाच्या दोन्ही बाजूंचे आणि आम्हा दोघींच्या चेहऱ्यांचे तारीखवार फोटो, तसेच डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या आणि पाठीवरच्या तपासणीच्या अहवालाच्या प्रती जोडल्या आहेत. उपचारांचा खर्च मिळावा हे तर आहेच. पण या बॅचची पत्रके बदलणार का आणि दुकानांत गेलेल्या खोक्यांचे काय करणार, याचे लेखी उत्तर मला १५ दिवसांत हवे आहे. ते न आल्यास हीच कागदपत्रे मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे देईन. फोनवरच्या ताईंना माझा एक निरोप द्या : पुढच्या बाईला "पॅच टेस्ट केली होती का" असे विचारण्याआधी "कशाची केली आणि किती तास थांबलात" असे विचारा.

आपली,
एक ग्राहक