चप्पल उलटी करून पाहा

मा. संपादक,

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. आपला सोलापूर जिल्हा त्या चारांपैकी एक आहे, तरीही नवी पेठेत किंवा गड्ड्याच्या जत्रेत 'कोल्हापुरी' म्हणून रबरी तळाची चप्पल सहज गळ्यात मारली जाते. ग्राहक वरचे पट्टे आणि वेणी पाहतो, पण फसवणूक असते ती खाली, तळात.

चप्पल उलटी करून आधी टाचेकडची कड पाहावी. हातच्या चपलेत चामड्याचे थर एकावर एक दिसतात. झाडाच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे कापल्या जागी आरपार तपकिरी असते आणि कडेला बारीक तंतू दिसतात. नकली तळाची कड एकसारखी गुळगुळीत असते. कधी वर चामड्याचा पातळ पापुद्रा, मध्ये पुठ्ठा आणि खाली रबर असते. कडेला रंग जाड फासला असेल, तर तो काय झाकतोय ते विचारावे.

मग शिवण. कारागीर चामड्याच्या वादीने शिवतो. वादी चपटी असते, टाके थोडे कमीजास्त पडतात आणि ते तळाच्या खालच्या बाजूलाही दिसतात. यंत्राच्या चपलेत गोल नायलॉनचा दोरा आणि अगदी सारखे टाके असतात. काहींत टाके वरच्या वर नुसते उमटवलेले असतात, खाली काहीच नसते. तो तळ निव्वळ डिंकावर टिकून असतो. आपल्या उन्हाळ्यात तापल्या डांबरावर डिंक सैल पडतो आणि तळ पुढून उघडतो. वादीची शिवण उसवली, तर कोणताही चांगला कारागीर ती पुन्हा घालून देतो.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा पुष्कळ जण सांगतात. थेंब मुरून डाग गडद झाला तर चामडे, हे बरोबर. पण तेल लावलेल्या अस्सल चामड्यावरही थेंब काही वेळ तसाच राहतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

सगळाच रबरी तळ मात्र खोटा नव्हे. गिऱ्हाईकाने मागितल्यावर कारागीर शिवलेल्या चामडी तळाखाली रबराची पट्टी लावून देतात. अशा चपलेत रबराच्या वर चामड्याचा जाड तळ आणि वादीची शिवण कडेने दिसते. दुकानदाराने ही गोष्ट आधी सांगावी, एवढीच अपेक्षा.

विकत घेताना चप्पल कोणी आणि कोणत्या गावात बनवली हे विचारावे. थेट कारागिराकडे गेलात तर दोन्ही पावलांची आखणी कागदावर द्यावी, कारण पावले क्वचितच सारखी असतात. नवी चप्पल जरा घट्टच घ्यावी, पट्टे वापराने सैलावतात. भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी आणि नंतर तेलाचा हात फिरवावा. उन्हात वाळलेले चामडे कडक होऊन अंगठ्यापाशी तडकते.

आपला,
एक वाचक, सोलापूर