उघडे पुस्तक, पण प्रश्न कोणता?

महोदय,

पुस्तक उघडे ठेवून घेतलेल्या परीक्षेत ‘मध्यक म्हणजे काय?’ असे विचारले, तर उत्तर म्हणजे निव्वळ उतारा. त्याऐवजी प्रसंग द्यावा : नऊ रुग्ण प्रत्येकी ३ दिवस रुग्णालयात राहिले आणि एक ३३ दिवस, तर नव्या रुग्णाला किती दिवस सांगावेत आणि खाटांचे नियोजन कशावर करावे? सरासरी ६ येते, तर मध्यक, म्हणजे दिवस चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, ३. रुग्णाला मध्यक सांगणे योग्य, परंतु खाटा एकूण दिवसांनी व्यापल्या जात असल्याने तेथे सरासरीच हवी, आणि ही निवड व्याख्येच्या पानावर आयती सापडत नाही. प्रत्येकाला वेगळे आकडे दिल्यास शेजाऱ्याचे उत्तर निरुपयोगी ठरते. रीत मात्र उचलता येतेच (हे परीक्षकांनी मान्य करावे), म्हणून निम्म्याहून अधिक गुण कारणांना असावेत.

– एक शिक्षक