पंचावन्न ते अठ्ठावन्न: मधल्या तीन वर्षांचा हिशेब

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, 31 ऑगस्ट 2026 ला तुम्ही जळगावच्या एमआयडीसीतली नोकरी सोडणार हे ठरलं, ते बरंच झालं. पीएफची पेन्शन मात्र वयाच्या अठ्ठावन्नला सुरू होणार. मधली तीन वर्षं घर कसं चालवायचं, ते सविस्तर लिहिते.

आधी पेन्शनचा खरा आकडा. पगाराची मर्यादा 15,000 गुणिले नोकरीची 27 वर्षं भागिले 70, म्हणजे 5,786 रुपये, असा हिशेब तुम्ही मांडला होता. पण सप्टेंबर 2014 च्या आधीच्या नोकरीला पगाराची मर्यादा 6,500 धरतात. म्हणून तुमच्या पहिल्या 15 वर्षांचे 1,393 आणि पुढच्या 12 वर्षांचे 2,571 असे मिळून 3,964 रुपये होतात. अठ्ठावन्नला निवृत्त होणाऱ्यांना दोन वर्षं वाढवून मिळतात, ती आपल्या हिशेबात धरू नका. आपल्या घराला महिन्याला 25,000 लागतात. तेव्हा अठ्ठावन्ननंतरही मोठा भार साठवलेल्या पैशावरच राहणार आहे. म्हणून या तीन वर्षांत मुद्दलाला कमीत कमी हात लागला पाहिजे.

पीएफचे 22 लाख आणि ग्रॅच्युइटीचे 5 लाख धरले तर हाती 27 लाख येतील. त्यातले 15 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. साठ वर्षांची अट असली तरी नोकरी सोडलेल्या माणसाला पंचावन्नपासून खातं उघडता येतं. फक्त निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावं लागतं, आणि पैसे कधी मिळाले त्याचा कागद द्यावा लागतो. बहुतेकांची चूक इथेच होते. पैसा आला की बँकेतला ओळखीचा माणूस पाच वर्षांची एफडी करून देतो, तीन महिने निघून जातात आणि मग साठीपर्यंत थांबावं लागतं. ग्रॅच्युइटी आधी आली तर मुदत त्याच दिवसापासून मोजा, म्हणजे घोळ होणार नाही. कंपनीकडून निवृत्तीची तारीख आणि मिळालेली रक्कम लिहिलेलं पत्र शेवटच्या दिवशीच मागून घ्या.

सध्याच्या 8.2 टक्क्यांनी 15 लाखांवर तिमाहीला 30,750 रुपये मिळतील, म्हणजे महिन्याला 10,250. खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होतं. आई, एप्रिलचा हप्ता वर्षाचे गहू, मिरची-मसाला आणि आखाजीसाठी राखून ठेव. आपल्याकडे उन्हाळ्यातच घराचा निम्मा बाजार होतो, आणि दरमहा सारखा खर्च धरणारे तिथेच अडकतात.

राहिलेली तूट महागाईसकट मांडली आहे. खर्च दरवर्षी 6 टक्के वाढेल असं धरून पहिल्या वर्षी 1.77 लाख, दुसऱ्या वर्षी 1.95 लाख आणि तिसऱ्या वर्षी 2.14 लाख कमी पडतील. म्हणजे साधारण 6 लाख. त्यातले पहिल्या वर्षाचे पैसे बचत खात्यात ठेवा, दुसऱ्या वर्षाचे एक वर्षाच्या एफडीत आणि तिसऱ्या वर्षाचे दोन वर्षांच्या. हे पैसे कुणाच्या केळीच्या बागेला किंवा सराफ बाजाराला द्यायचे नाहीत. काकांनी मागितले तरी नाही, बाबा. उरलेल्या 6 लाखांचं आखाजीला मी आले की बोलू. त्यातून आधी आरोग्य विमा निघेल. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि आईच्या शुगरसारख्या जुन्या आजारासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या.

पंचावन्नलाच पेन्शन घ्यावी का, हेही तुम्ही विचारलं होतं. अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितके 4 टक्के कापले जातात. आता घेतली तर सुमारे 3,488 मिळतील, आणि ती कपात कायमची राहील. तीन वर्षांत 1.26 लाख आधी हाती येतात, पण पुढे दरमहा 476 कमी. व्याज सोडून दिलं तर बरोबरी व्हायला तुम्ही ऐंशीचे व्हावं लागेल. म्हणजे नुकसान वाटतं तेवढं मोठं नाही. तरी मी थांबा म्हणते, कारण तुमच्यामागे आईला तुमच्या पेन्शनच्या निम्मीच मिळणार, आणि ती आणखी घटवायला नको. शिवाय ही वाट बंद होत नाही. सत्तावन्नला 6 लाख संपत आलेच, तर तेव्हा घेतल्यास कपात फक्त 4 टक्के.

नोकरीत असतानाच एक काम करून टाका. पीएफच्या पासबुकात 1999 पासूनची सगळी नोकरी दिसते का ते बघा. आधीच्या कारखान्याचा जुना क्रमांक जोडलेला नसेल, तर ती वर्षं पेन्शनमध्ये मोजलीच जात नाहीत. जन्मतारीख आधारशी जुळते का तेही तपासा, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली का ते पाहा. तारीख नोंदवलेली नसेल तर पीएफचा दावा पुढे सरकत नाही. पीएफ काढताना पेन्शनचा अर्ज भरू नका. तो 10-डी फॉर्म अठ्ठावन्नला भरायचा.

पासबुकाचा फोटो या रविवारी पाठवा, मी एकेक नोंद बघते.

तुमची,
ताई