नो-कॉस्ट हप्त्याचे व्याज किमतीत तर नाही ना?

संपादक महोदय,

सणासुदीला पानपानभर जाहिराती येतात आणि फ्रिज, वॉशिंग मशीन 'नो-कॉस्ट ईएमआय'वर मिळेल असे त्यांत ठळक छापलेले असते. माझी सगळी नोकरी पतसंस्थेत कर्जखाती सांभाळण्यात गेली. त्यामुळे ओळखीचे लोक असे हप्ते घेण्याआधी हिशेब तपासायला माझ्याकडे येतात. त्यातला एक हिशेब आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

आमच्या शेजाऱ्यांना फ्रिज घ्यायचा होता. किंमत ३६,००० रुपये, क्रेडिट कार्डावर दरमहा ३,००० चे १२ हप्ते. गुणाकार बरोबर जुळतो, व्याज कुठे दिसतच नाही. मी त्यांना एवढेच सांगितले की हप्त्यांचा विषय न काढता पुन्हा जा आणि सगळे पैसे आज दिले तर भाव काय, ते विचारा. त्याच दुकानात, त्याच मॉडेलला, पक्क्या बिलासह भाव निघाला ३३,५००. मधले २,५०० रुपये म्हणजे हप्त्यांचे व्याज. ते आधीच किमतीत मिसळलेले होते.

साडेतेहतीस हजारांवर अडीच हजार म्हणजे साडेसात टक्केच, असे पुष्कळांना वाटते. पण हे कर्ज वर्षभर तेवढेच राहत नाही, दर महिन्याला फिटत जाते. सरासरी पाहिली तर वर्षभरात तुमच्याकडे निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम वापरायला असते. म्हणून फरकाला २४ ने गुणावे, आणि हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून तिला रोख किमतीने गुणल्यावर जे येईल त्याने भागावे. इथे ६०,००० भागिले ४,३५,५०० म्हणजे जवळपास पावणेचौदा टक्के. नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे सूत्र टाकावे:

```
=RATE(12,-3000,33500)*12
```

उत्तर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास येते.

एवढ्यावर भागत नाही. बँक स्वतःचे व्याज सोडत नाही. या कार्डावर दर १६ टक्के होता. बँकेने कर्ज धरले सुमारे ३३,०६५ रुपयांचे, आणि उरलेले २,९३५ रुपये विक्रेत्याने 'सूट' म्हणून आधीच वळते केले. त्या सुटीमुळेच हप्ता नो-कॉस्ट म्हणवतो. मात्र व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्याच बिलात येतो, तो ५२८ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरचा कर मिळून आणखी २३५. म्हणजे रोखीच्या तुलनेत एकूण ३,२६३ रुपये जास्त. वरच्याच रीतीने दर काढला तर तो १८ टक्क्यांवर जातो.

रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. क्रेडिट कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांत तर स्पष्ट म्हटले आहे की खरेदीचे हप्ते पाडण्याआधी मुद्दल, व्याज आणि मिळालेली सूट ग्राहकाला वेगवेगळी दाखवावी, आणि तशीच ती बिलातही दाखवावी. हा नियम चांगलाच आहे. पण बँक हिशेब सुरू करते तो ३६,००० पासून. दुकानात ३३,५०० हा भाव होता हे तिच्या कोणत्याही कागदावर येत नाही. त्यामुळे तपशील अगदी नियमानुसार दिला तरी किमतीतला फरक झाकलेलाच राहतो.

प्रत्येक योजना अशीच असते असे माझे म्हणणे नाही. काही मॉडेलांवर कंपनी खरोखरच व्याज सोसते. तिथे रोखीचा भावही ३६,००० च निघतो, दोन-तीन दुकानांत आणि ऑनलाइन विचारले तरी तोच. मग ग्राहकाला पडतो तो फक्त कर आणि शुल्क, म्हणजे ७६३ रुपये. हा दर वर्षाला जेमतेम चार टक्के होतो. अशा वेळी हप्ते जरूर घ्यावेत. तुलना मात्र एकाच दिवशीच्या भावांची करावी आणि मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावा. रोखीचा भाव बिलाशिवायचा असेल तर तो तुलनेला धरू नये.

ग्राहक व्यवहार खात्याने एवढे करावे, अशी माझी मागणी आहे: ज्या जाहिरातीत नो-कॉस्ट हप्ता छापला जातो, त्याच जाहिरातीत, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत, एकरकमी पैसे देणाऱ्याचा भावही छापणे बंधनकारक करावे. आपल्या वृत्तपत्रानेही जाहिरातदारांकडे हा आग्रह धरावा.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा